ओळखीची फेरी दर वेळी लांबतेय? आधी तुमचा प्रश्न तपासा

तीन-चार दिवसांची कार्यशाळा घेणारे भेटले की एक तक्रार हमखास निघते, ओळखीची फेरी आवरत नाही. माणसं चाळीस-पन्नास, प्रत्येकाला एक-दोन मिनिटं सांगितलेली, कोणी पाच घेतं, कोणी नुसतं नाव सांगून पटकन बसतं, आणि पहिलं सत्र सुरू करायचं म्हणेपर्यंत स्वयंपाकघरातून जेवण तयार असल्याचा निरोप आलेला असतो. आणि एवढा वेळ घालवूनही दुपारी कोणाला विचारा, तुमच्या शेजारी बसलेल्या ताई कुठल्या गावच्या, तर सांगता येत नाही. मग पुढच्या वेळी लोक घंटी आणतात, मोबाईलवर टायमर लावतात, "कृपया थोडक्यात सांगा" असं तीन-तीनदा सांगतात. मी हे सगळं करून बघितलंय, फारसा फरक पडत नाही. बिघाड बहुतेक वेळा आपण जो प्रश्न विचारतो त्यातच असतो आणि तो आदल्या रात्री दुरुस्त करता येतो.

मी गावपातळीवर पाण्याचा ताळेबंद मांडायचं प्रशिक्षण घेते. म्हणजे पाऊस किती पडला, विहिरीत पाणी किती, पिकांना आणि माणसा-जनावरांना किती लागणार, हा हिशोब गावातल्याच लोकांनी मोजून मांडायचा. तिथलंच एक उदाहरण धरून सांगते.

शिबिर चार दिवसांचं, मे महिन्याचा शेवट, १९ गावांमधून आलेले ४६ जण. बचत गटातल्या बायका, तरुण शेतकरी, दोन सरपंच, एक निवृत्त गुरुजी, काही ग्रामरोजगार सेवक. मी फळ्यावर लिहिलं होतं: नाव, गाव, शिक्षण, सध्याचं काम, पाण्याच्या कामातला अनुभव, या शिबिराकडून अपेक्षा. सव्वादहाला फेरी सुरू झाली आणि संपली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. हिशोब सोपा आहे, ४६ जण गुणिले सरासरी तीन मिनिटं म्हणजे १३८ मिनिटं. विहिरीवर जाऊन टेपने पाण्याची पातळी कशी मोजायची हे सकाळच्या उन्हाआधी दाखवायचं होतं ते राहिलं, आणि दुपारी त्या उन्हात न्यायची माझी हिंमत झाली नाही.

आता या प्रश्नात काय काय चुकलं होतं ते बघू, कारण वरवर बघितलं तर सगळं साधंच दिसतं.

एक तर सहा गोष्टी एकदम विचारल्या. माणूस उभा राहतो, तीन आठवतात, मग फळ्याकडे मान वळवून पुढची शोधतो, सापडली की पुन्हा सुरुवात करतो. "शिक्षण" म्हटल्यावर ज्यांचं चौथीत सुटलं त्या ताई खाली बघायला लागल्या आणि ज्यांचं जास्त झालंय ते वर्षासकट सांगायला लागले. "अनुभव" म्हटल्यावर कार्यकर्त्याला अख्खी कारकीर्द सांगावीशी वाटते, त्यात त्याची काहीच चूक नाही, आपणच विचारलंय. आणि "अपेक्षा" तर सगळ्यात वाया जाणारा भाग. ज्याला अजून शिबिरात काय आहे हेच माहीत नाही तो अपेक्षा काय सांगणार? पहिल्याने सांगितलं "काहीतरी नवीन शिकायला मिळावं आणि ते गावापर्यंत न्यावं", आणि पुढच्या बऱ्याच जणांनी तेच वाक्य आपापल्या शब्दांत सांगितलं. मी त्या अपेक्षा चार्टवर लिहून घेतल्या होत्या. चौथ्या दिवसापर्यंत तो चार्ट भिंतीवर होता आणि मी एकदाही त्याच्याकडे वळून बघितलं नाही.

पुढच्या शिबिरात मी छाटलं आणि तिथे दुसरी चूक केली. प्रश्न ठेवला: नाव, गाव आणि तुमच्या गावातला पाण्याचा सगळ्यात मोठा प्रश्न. मला वाटलं, चला, आता विषयाचंच बोलतील. बोलले, पण भाषणं झाली. धरणाचं पाणी वरच्या गावाने अडवलं, पाईपलाईन मंजूर होऊन कशी रखडली, टँकरचं बिल कोणी खाल्लं. एका गावातल्या दोघांचं तिथेच वाजलं, कारण एकाच्या मते प्रश्न उसाचा होता आणि दुसऱ्याचा ऊसच होता. ही बोलणी महत्त्वाची आहेत, चार दिवसांत व्हायलाच पाहिजेत, पण अजून एकमेकांची नावं माहीत नसताना सकाळी दहाला नाही.

तेव्हा लक्षात आलं की शब्दच माणसाला लांब बोलायला लावतात. "सगळ्यात मोठा" म्हटलं की माणूस मनात तुलना करायला लागतो, मग आपण हाच का निवडला हे पटवून द्यायला लागतो. "प्रश्न", "आव्हान", "मत", "का" हे शब्द आले की स्पष्टीकरण आलंच. उलट "शेवटचं", "यंदा", "कोणत्या महिन्यात", "किती" असं विचारलं की डोक्यात एकच गोष्ट येते, ती सांगितली की बोलणं आपोआप थांबतं. जे घडून गेलंय आणि ज्याचं उत्तर एका शब्दात किंवा एका आकड्यात येतं तेच विचारायचं. मत विचारायचं नाही. "तुमच्याबद्दल एक मजेशीर गोष्ट सांगा" हे शहरातल्या कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये खूप चालतं, पण मला ते पटत नाही, लाजऱ्या माणसाला त्यात घाम फुटतो आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काही करता येत नाही.

हे करता येणं किंवा न येणं हीच माझी आता मुख्य चाचणी आहे. प्रश्न लिहिला की स्वतःला विचारते, हे उत्तर मी दुपारी दोन वाजता कशाला वापरणार? गट पाडायला, उदाहरण घ्यायला, कोणाला शेतावर न्यायचं ते ठरवायला, काहीतरी ठरलेलं पाहिजे. नसेल तर तो भाग फॉर्मवर जातो. शिक्षण, फोन नंबर, संस्था हे सगळं नोंदणीच्या कागदावर आलेलंच असतं, ते पुन्हा ४६ जणांसमोर वदवून घ्यायची गरज नाही.

तर तिसऱ्या वेळी मी प्रश्नाऐवजी गाळलेल्या जागांचं वाक्यच दिलं:

"मी ______, गाव ______. आमच्या विहिरीचं पाणी यंदा ______ महिन्यापर्यंत पुरलं."

मोठ्या अक्षरात चार्टवर लिहून समोर लावलं. शेजारच्या भिंतीवर डिसेंबर ते मे असे महिने आडवे लिहिले आणि शेवटी "अजून आहे" असा एक रकाना. जो बोलेल त्याचं नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून मी त्या महिन्याखाली चिकटवत गेले. बोलायला प्रत्येकी वीस सेकंद, पुढचा उभा राहीपर्यंत दहा सेकंद, म्हणजे ४६ जणांची २३ मिनिटं. प्रत्यक्षात अर्ध्या तासात झालं. पण झाल्यावर भिंतीकडे बघून लोक स्वतःच बोलायला लागले, कारण एकाच गावातले दोघं होते, एकाची चिठ्ठी फेब्रुवारीखाली आणि दुसऱ्याची "अजून आहे"खाली. शेतं लागून नाहीत पण लांबही नाहीत. आमच्याकडे काळा पाषाण, वरचा मुरूम किती खोल आहे आणि खाली भेगा कुठे आहेत यावर विहिरीचं पाणी ठरतं, त्यामुळे हे असं होतंच. मी दुसऱ्या दिवशीचं भूजलाचं सत्र त्या दोन चिठ्ठ्यांवरूनच सुरू केलं, वेगळं उदाहरण शोधावं लागलं नाही.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं असं वाटेल, पण त्या वाक्यातही एक चूक होती आणि ती मला फेरी चालू असतानाच कळली. सत्ताविसाव्या की अठ्ठाविसाव्या नंबरला एक ताई उभ्या राहिल्या, नाव सांगितलं, गाव सांगितलं, मग चार्टकडे बघत थांबल्या. म्हणाल्या, "आमाला हीर नाय," आणि बसल्या. भूमिहीन कुटुंब. चिठ्ठी माझ्या हातात तशीच राहिली, कुठल्या महिन्याखाली लावू तेच कळेना. त्यानंतर आणखी दोघी नुसतं नाव-गाव सांगून बसल्या. म्हणजे फेरी अगदी वेळेत झाली, उत्तरं छोटी आली, पण प्रश्नानेच तिघींना सांगून टाकलं की हे शिबिर विहीरवाल्यांचं आहे. घरातलं पाणी त्याच बायका भरतात, उन्हाळ्यात कुठला हातपंप कधी बंद पडतो हे त्यांना जितकं माहीत असतं तितकं क्वचितच कोणाला असेल. मी संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले, माफी मागितली, पण पहिल्या तासात जे झालं ते पुरतं भरून निघत नाही. त्या ताई चौथ्या दिवसापर्यंत मोठ्या गटात बोलल्या नाहीत.

म्हणून आता वाक्य असं आहे:

"मी ______, गाव ______. आमच्या घरात पाणी ______ वरून येतं, आणि ते यंदा ______ महिन्यापर्यंत पुरलं."

विहीर, बोअर, नळ, हातपंप, टँकर, शेजाऱ्याची विहीर, काहीही चालतं. एक रिकामी जागा वाढली, तीन-चार सेकंद जास्त लागतात, पण कोणी बाहेर राहत नाही. तुमचा विषय वेगळा असेल तर ही तपासणी मात्र जरूर करा: यादी काढा आणि सगळ्यात वेगळ्या तीन माणसांच्या जागी बसून ते वाक्य मोठ्याने म्हणून बघा. शिक्षकांच्या कार्यशाळेत "माझ्या वर्गात" म्हटलं की केंद्रप्रमुख आणि ग्रंथपाल अडकतात. पालकांच्या कार्यशाळेत "माझं मूल" म्हटलं की नातवाला सांभाळणारी आजी अडकते. प्रश्न जितका नेमका तितका कोणीतरी त्यातून सुटायचा धोका जास्त, नेमकं ठेवायचं आणि कोणाला सोडायचंही नाही ही खरी कसरत आहे, तिथेच आदल्या रात्रीचा वेळ घालवायचा.

वाक्य बरोबर असूनही फेरी घसरते, त्याची दोन कारणं मला वारंवार दिसलीत.

पहिलं कारण सुरुवातीची माणसं. लोक फळा बघून बोलत नाहीत, आधीचा माणूस कसा बोलला ते बघून बोलतात. मी स्वतः आधी चार मिनिटं माझ्याबद्दल सांगायचे आणि मग म्हणायचे की तुम्ही अर्ध्या मिनिटात सांगा, ते कसं होणार? आता मी तेच वाक्य तितक्याच वेळात म्हणते, माझ्या घरातलं पाणी कुठून येतं आणि कधी कमी होतं तेवढंच, माझं बाकीचं त्यांना चार दिवसांत कळतं. पण माझ्यापेक्षाही माझ्यानंतरच्या दोघांचं बोलणं जास्त मोलाचं असतं, कारण मी बाहेरची आणि ते त्यांच्यातले. त्यामुळे सकाळी चहाच्या वेळी दोन मोजकं बोलणारी माणसं हेरून ठेवते आणि त्यांना सांगते, तुमच्यापासून सुरू करू. सरपंच किंवा अधिकारी असतील तर त्यांनाही तेव्हाच गाठायचं, "साहेब, सगळ्यांनी हे एकच वाक्य बोलायचं ठरवलंय, तुम्हीही हेच बोललात तर बाकीच्यांना धीर येईल." आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. त्यांचा मान ठेवायचा असेल तर उद्घाटनात ठेवावा, फेरीत ते मधल्या कुठल्यातरी जागी बसलेले बरे, पहिल्याच खुर्चीवर बसले तर फेरीची सुरुवातच "सर्वप्रथम मी आयोजकांचे आभार मानतो" अशी होते आणि मग पुढच्या प्रत्येकाला आभार मानावेच लागतात.

दुसरं कारण म्हणजे आपली पाळी येईपर्यंत माणूस ऐकतच नसतो, मनात स्वतःचं वाक्य घोकत असतो. माल्कम ब्रेनर नावाच्या संशोधकाने १९७३ मध्ये यावर प्रयोग केला होता, लोकांना गोल बसवून आळीपाळीने एकेक शब्द मोठ्याने वाचायला लावला, नंतर विचारलं तर आपली पाळी यायच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना नीट आठवेनात. आपल्या फेरीतही नेमकं हेच होतं. त्यामुळे फेरीआधी दोन मिनिटं देते, प्रत्येकाने आपलं वाक्य शेजाऱ्याला सांगायचं, शेजाऱ्याने आपलं सांगायचं. पूर्वी मी कार्डावर लिहायला द्यायचे, पण ज्यांचा लिहायचा हात बसलेला नाही त्यांना कार्ड बघूनच टेन्शन यायचं, म्हणून ते बंद केलं. एकदा तोंडाने वाक्य म्हटलेलं असलं की उभं राहिल्यावर जुळवाजुळव करावी लागत नाही, आणि निदान एका शेजाऱ्याचं नाव-गाव तरी पक्कं होतं.

तरी कोणीतरी लांबतंच. घंटी वाजवू नका, चारचौघांत माणसाचा अपमान होतो आणि पुढचे घाबरतात. मी काय करते, उत्तर ऐकलं की लगेच चिठ्ठी लिहून भिंतीकडे जाते आणि चिकटवता चिकटवता म्हणते, "मार्च लिहिलं हं दादा, बरोबर?" दादा "हो" म्हणतात आणि बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं, कारण आपलं म्हणणं कागदावर आलं, वाया गेलं नाही हे त्यांना दिसतं. त्यातून एखादा म्हणालाच की मार्चमध्ये का आटलं ते सांगतो, तर "हे उद्या विहिरीवर उभं राहून सगळ्यांना सांगा" म्हणायचं आणि त्याच्या चिठ्ठीवर तेवढी खूण करायची. मात्र दुसऱ्या दिवशी खरंच त्यांना बोलवायचं. एकदा मी विसरले होते, त्या काकांनी नंतर कशातच भाग घेतला नाही, आणि त्यांना वाईट वाटणं साहजिकच होतं.

बारीकसारीक गोष्टी पण वेळ खातात. पुढे येऊन माईकवर बोलायला लावलं तर येण्या-जाण्यातच पंधरा-वीस सेकंद जातात आणि माईक हातात आला की आवाज भाषणाचा होतो, म्हणून जागेवरूनच बोलू द्या, हॉल मोठा असेल तर दोन माईक ठेवा आणि एक बोलत असताना दुसरा पुढच्याच्या हातात द्या. प्रत्येकानंतर टाळ्या नकोत, शेवटी एकदाच वाजवा. पाच सेकंदांच्या टाळ्या ४६ वेळा म्हणजे जवळपास चार मिनिटं.

फेरी चालू असताना बिघाड कुठे आहे हे ओळखायची माझी रीत अशी: पहिल्या पाच-सहा जणांपैकी दोघांनी "म्हणजे नेमकं काय सांगायचं?" विचारलं तर वाक्यात दोन प्रश्न मिसळलेत, तिथेच थांबवून एक खोडा, पुढे रेटू नका. सगळ्यांची उत्तरं सारखीच येत असतील तर तुम्ही मत किंवा अपेक्षा विचारलीय. आधी छोटी येत होती आणि अचानक दहाव्यापासून लांबायला लागली तर नववा कोण होता ते आठवा, त्याने नवा साचा घालून दिलाय, अशा वेळी चार्टवरचं वाक्य स्वतः एकदा मोठ्याने वाचून पुढच्याला बोलवा, बहुतेक गाडी रुळावर येते. आणि लोक नुसतं नाव-गाव सांगून बसत असतील, तर त्यांना लाजरं समजू नका, वाक्यात त्यांच्यासाठी जागा आहे का ते बघा.

माणसं साठच्या वर असतील तर मात्र हे वाक्यही पुरत नाही. पंचवीस-तीस मिनिटांनंतर कोणीच ऐकत नाही, वाक्य कितीही चांगलं असो. तेव्हा सहा-सात जणांचे गोल करायचे, ओळख गोलातच, आणि प्रत्येक गोलाने आपापल्या चिठ्ठ्या भिंतीवर लावून यायच्या, चहाच्या सुट्टीत सगळे भिंत वाचतात. ऑनलाईन असेल तर तेच वाक्य चॅटमध्ये टाकायला सांगायचं आणि आलेल्यांतली चार-पाच मोठ्याने वाचायची, एकेकाला अनम्यूट करत बसू नये.

एक गोष्ट राहिली. पहाटेची एसटी पकडून आलेल्या माणसाला आपल्याबद्दल बोलायचं असतं, आपण काय काय केलंय ते कोणीतरी ऐकावं असं वाटतं, आणि वीस सेकंदांत ती भूक भागत नाही. त्याला दुसरी जागा द्यावीच लागते. आम्ही पहिल्या रात्री जेवणानंतर सतरंजी टाकून बसतो, घड्याळ नाही, चार्ट नाही, ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. सकाळी भिंतीवरच्या चिठ्ठ्या वाचलेल्या असतात त्यामुळे लोक एकमेकांना नेमकं विचारतात, "तुमचं अजून आहे म्हणता, किती परस खोल हो विहीर?" आणि मग त्या उत्तराला अर्धा तास लागला तरी कोणी उठत नाही.